फोटो रोज बघतो, तरी खातं 'निष्क्रिय' का ठरतं?

घरातले जुने फोटो, पत्रं, मालमत्तेचे कागद एका जागी राहावेत म्हणून कुणीतरी एक वेगळं मोफत गूगल खातं उघडतं. स्कॅन केलेलं सगळं त्यात चढवलं जातं, नातेवाइकांना अल्बम पाठवला जातो, आणि मग त्या खात्यात शिरायचं कुणाला कारणच उरत नाही. काही काळाने सूचना येते: खातं निष्क्रिय आहे, वापरलं नाहीत तर ते आणि त्यातलं सगळं काढून टाकलं जाईल. घरातला जाणता मुलगा एकदा लॉगिन करतो, सूचना थांबते. दीड-दोन वर्षांनी पुन्हा तीच सूचना. "अहो, फोटो तर आम्ही दर आठवड्याला बघतो, मग निष्क्रिय कसं?" हा प्रश्न इंदूरच्या मराठी घरांमधून मला वारंवार विचारला जातो. बहुतेक घरांत त्याचं कारण एकच निघतं, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

आधी नियम. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं की सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटोज, कॅलेंडर सगळंच आलं. १ डिसेंबर २०२३ पासून हे अमलात येऊ लागलं. शाळा-कॉलेजनं किंवा कंपनीनं दिलेल्या खात्यांना हा नियम लागू नाही. तिथे त्या संस्थेचा कारभार चालतो. खातं 'वापरलं' असं केव्हा धरतात, तर त्या खात्यात लॉगिन असताना मेल वाचली किंवा पाठवली, ड्राइव्ह वापरलं, यूट्यूबवर व्हिडिओ पाहिला, फोटो शेअर केला, ॲप उतरवलं, गूगलवर काही शोधलं, किंवा दुसऱ्या एखाद्या साइटवर त्या खात्याने प्रवेश केला, तर. दर वेळी अट तीच, लॉगिन त्याच खात्याचं असायला हवं. वापर खात्यागणिक मोजला जातो, फोनगणिक नाही. घोळ होतो तो इथेच.

रामबागेतल्या एका काकूंच्या घरचं उदाहरण घेऊ. काकांनी आयुष्यभर जमवलेले फोटो आणि पत्रं होती. १९८४ च्या आगीआधीच्या राजवाड्याचे काही फोटो, घराण्यातली होळकरी काळातली पत्रं, लग्नाच्या याद्या. पुतण्याने हे सारं स्कॅन करून खास त्यासाठी उघडलेल्या खात्यात ठेवलं. फोटो गूगल फोटोजमध्ये, पत्रं ड्राइव्हमध्ये, मिळून चारेक जीबी. मोफत मिळणाऱ्या १५ जीबीत ते आरामात मावलं. मग अल्बम काकूंच्या नेहमीच्या खात्याशी शेअर केला. काकू तो अल्बम मनापासून बघायच्या, आल्यागेल्याला दाखवायच्या. पण बघायच्या त्या स्वतःच्या खात्यातून. गूगलच्या हिशेबी काकूंचं खातं अगदी जागतं होतं, आणि फोटो ज्या खात्यात खरोखर ठेवले होते त्यात कुणी पाऊलही ठेवत नव्हतं. ते खातं गेलं असतं तर काकूंच्या फोनवरचा अल्बमही गेला असता, कारण शेअर केलेला अल्बम म्हणजे प्रत नव्हे. मूळ दुसऱ्याच्या घरी असतं, आपल्याला फक्त बघायची परवानगी असते.

तुमच्याकडेही असंच आहे का, ते फोनवरून नीट कळत नाही. संगणकावर बसा. ब्राउझरमध्ये त्या जुन्या खात्याने जीमेल उघडा आणि इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे बघा. तिथे बारीक अक्षरांत `Last account activity` असं लिहिलेलं असतं आणि खाली `Details`. त्यावर टिचकी मारली की मेल कधी, कुठून आणि कशावरून उघडली गेली ते दिसतं. जे आत्ताचं लॉगिन दिसेल ते सोडा, त्याआधीचं बघा. काकूंच्या बाबतीत त्याआधीची नोंदच उरलेली नव्हती, आणि इनबॉक्समध्ये न वाचलेल्या दोन सूचना पडून होत्या.

इथे एक फसवी जागा आहे. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर `Your devices` नावाची यादी असते आणि तिथे एखाद्या जुन्या टॅबसमोर कालपरवाची वेळ दिसू शकते. ती पाहून लोक निश्चिंत होतात. पण ती वेळ म्हणजे त्या यंत्राचं गूगलशी शेवटचं बोलणं कधी झालं ती. कपाटावर चार्जिंगला लावलेल्या टॅबने आपोआप सिंक केलं तरी ती पुढे सरकते. माणसाने खातं वापरलं याचा तो पुरावा नाही. खातं फोनमध्ये नुसतं जोडलेलं असणं हे वर सांगितलेल्या यादीत कुठेच नाही. तसंच जुन्या खात्याची मेल आपोआप नव्या खात्यावर वळवलेली असेल तर तुम्ही ती वाचता नव्या खात्यात, जुन्यात नाही.

दुसरा प्रश्न, सूचना कुणाला कळतच कशी नाही. गूगल खातं काढण्याआधी बऱ्याच महिन्यांपासून एकाहून जास्त वेळा मेल पाठवतं, एक त्याच खात्यावर आणि एक रिकव्हरी मेलवर, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी आपण देऊन ठेवलेल्या दुसऱ्या पत्त्यावर. पहिली मेल जिथे जाते ते घर बंदच आहे. म्हणजे सगळी भिस्त रिकव्हरी मेलवर. पुतण्याने तिथे आपल्या तेव्हाच्या कंपनीचा मेल दिला होता. पहिल्या खेपेला सूचना त्याला तिथेच मिळाली आणि त्याने लॉगिन करून वेळ निभावली. पुढे त्याने नोकरी बदलली, तो मेल बंद झाला, आणि नंतरच्या सूचना कुणाच्याच हाती लागल्या नाहीत. दिवाळीत तो इंदूरला आला, नवे स्कॅन चढवायला बसला, म्हणून हे उघडकीला आलं.

नोकरीचा मेल आणि कॉलेजचा मेल रिकव्हरीला कधीच देऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. ते मेल तुमचे नसतात.

फोन नंबरचंही तसंच. आपल्याकडे प्रीपेड सिम बराच काळ न वापरल्यास बंद होतं, आणि तो नंबर किमान ९० दिवस थांबून पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. काकांचा नंबर रिकव्हरीला होता आणि काका गेल्यावर तो कुणी रिचार्ज केला नव्हता. त्यावर कोड पाठवायचा पर्याय पडद्यावर दिसत होता, पण तो नंबर आता कोणाच्या खिशात आहे हे सांगता येत नव्हतं. असा पर्याय दिसला तर तो निवडू नका, `Try another way` घ्या.

आता दुरुस्ती. यात क्रमाला महत्त्व आहे, कारण खूप दिवसांनी अनोळखी ठिकाणाहून लॉगिन केलं की गूगल संशयाने बघतं. पुतण्याला पुण्याहून प्रयत्न करायचा होता. मी त्याला रामबागेतल्या घरीच बसवलं. घरातला जुना डेस्कटॉप, त्यातला तोच ब्राउझर, घरचंच इंटरनेट. ज्या यंत्रावरून आणि ज्या जागेवरून ते खातं पूर्वी वापरलं जायचं तिथून प्रयत्न केला तर ओळख पटण्याची शक्यता वाढते, हे गूगलच्या मदतीच्या पानावरही लिहिलेलं आहे. पासवर्ड आठवत नसेल तर आठवेल तो शेवटचा पासवर्ड टाका, प्रश्न सोडून पुढे जाऊ नका. जुना डेस्कटॉप भंगारात द्यायचा विचार असेल तर हे काम आटोपेपर्यंत थांबा.

आत शिरल्यावर पहिलं काम रिकव्हरी मेल आणि नंबर बदलणं. मेल असा द्या जो घरातलं कुणीतरी रोज बघतं. आम्ही काकूंचं नेहमीचं खातं दिलं आणि नंबर पुतण्याचा. बदल केल्यानंतरही सात दिवस गूगल जुन्या नंबरवर किंवा मेलवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. त्या आठवड्यात जुना नंबर दिसला म्हणून बदल झालाच नाही असं समजू नका. टू-स्टेप पडताळणी चालू असेल तर `Backup codes` काढा. आठ अंकी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना बाद होतो. ते छापून काकूंनी घराच्या कागदांच्या फायलीत ठेवले. फोन हरवला, नंबर गेला तरी त्या कागदावर आत जाता येतं.

मग प्रत काढायची. `takeout.google.com` वर जा, आधी सगळ्या खुणा काढून टाका आणि फक्त फोटोज व ड्राइव्ह निवडा. नाहीतर नको त्या पन्नास गोष्टींचं गाठोडं तयार होतं. झिपचे तुकडे केवढे हवेत ते विचारतात. घरच्या वाय-फायवर दोन जीबीचे तुकडे बरे, कारण मध्येच वीज गेली तर एकच तुकडा पुन्हा उतरवावा लागतो. तयार झाल्यावर मेलने दुवा येतो आणि तो साधारण आठवडाभरच चालतो. दुवा आला की लगेच उतरवून घ्या. उघडल्यावर फोटोंशेजारी `.json` शेपटीच्या फायली दिसतील. त्या कचरा समजून पुसू नका. काकांनी फोटोखाली लिहिलेली माहिती, कोण कुठे उभं आहे, कुठल्या साली काढला, हे फोटोत नाही, त्या फायलींत असतं. ड्राइव्हमधून फक्त त्या खात्याच्या मालकीच्या फायली येतात; दुसऱ्यांनी शेअर केलेल्या येत नाहीत. तेव्हा एखादं महत्त्वाचं पत्र गाठोड्यात दिसलं नाही तर आधी त्याचा मालक कोण ते बघा.

काकूंकडे झिप उघडून आम्ही चार-पाच फोटो आणि दोन पत्रं प्रत्यक्ष पाहिली. नुसतं 'उतरवून झालं' यावर थांबू नये. अर्धवट उतरलेली झिप नाव आणि आकार दाखवते, उघडत मात्र नाही.

शेअर केलेल्या अल्बमचं काय करायचं? काकूंच्या खात्यात जागा होती, म्हणून तो अल्बम उघडून त्यातले फोटो त्यांच्या खात्यात जतन केले. जतन केलेली प्रत त्यांच्या स्वतःच्या १५ जीबीत मोजली जाते, पण मूळ खातं गेलं तरी ती राहते. ड्राइव्हमधल्या पत्रांची मालकी दुसऱ्या खात्याकडे सोपवता येते, समोरच्याने ती स्वीकारावी लागते इतकंच. आम्ही पत्रांचं तेच केलं.

आता ते, जे जाणकारांच्याही नजरेतून सुटतं. खात्याचा दोन वर्षांचा नियम वेगळा आणि त्यातल्या सेवांचा वेगळा. १ जून २०२१ पासूनचा नियम असा आहे की जीमेल, ड्राइव्ह किंवा फोटोज यांपैकी एखाद्या सेवेत दोन वर्षं काहीच हालचाल नसेल तर त्या सेवेतला मजकूर काढला जाऊ शकतो. म्हणजे तुम्ही त्या खात्याने यूट्यूब बघून खातं जागतं ठेवलंत, तरी फोटोजचं दार दोन वर्षं उघडलंच नसेल तर फोटोंना धोका राहतो. पहिल्या सूचनेनंतर पुतण्याने फक्त जीमेल उघडून बंद केलं होतं. खातं वाचलं, पण फोटोज आणि ड्राइव्हची मुदत तशीच पुढे सरकत राहिली. म्हणून लॉगिन केलंत की तिन्ही दारं उघडा: एखादी मेल वाचा, `drive.google.com` वर जाऊन एक फाइल उघडा, `photos.google.com` वर जाऊन एक फोटो उघडा. पाच मिनिटांचं काम आहे. हे करताना वर उजवीकडचं गोल चित्र तपासा. ब्राउझरमध्ये दोन-तीन खाती असली की नव्या टॅबमध्ये हमखास पहिलंच खातं उघडतं, आणि आपण भलत्याच खात्यात फोटो बघून समाधानाने उठतो.

याच नियमाचा दुसरा भाग, खातं १५ जीबीच्या वर गेलं आणि दोन वर्षं तसंच राहिलं तरी मजकूर काढला जाऊ शकतो, तुम्ही रोज वापरत असलात तरी. शिवाय जागा भरली की त्या खात्यावर मेल येणंच बंद होतं. आठवणींच्या खात्यात लग्नाचे व्हिडिओ कोंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आठवण कशी ठेवायची? आठवणीची नोंद रोजच्या खात्याच्या कॅलेंडरमध्ये करा, झोपलेल्या खात्याच्या नव्हे. वर्षातून दोनदा पुरे. काकूंनी सुचवलं की दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनाबरोबर हेही करू. कल्पना मला फार आवडली आणि गूगलच्या दोन वर्षांना ती चालतेही. पण घरात मायक्रोसॉफ्टचंही खातं असेल तर तिथी धरू नका. तिथे खात्याची मुदत दोन वर्षं असली तरी आउटलुकचा इनबॉक्स आणि वनड्राइव्ह या दोन्हींत वर्षातून एकदा वेगवेगळं लॉगिन करावं लागतं, नाहीतर ते बंद केले जातात. आणि अधिक मास आला की एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत वर्षाहून अठरा-एकोणीस दिवस जास्त जातात. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरात होती, २०२६ ची नोव्हेंबरात आहे. तेवढ्याने वर्षाची मुदत हुकते. म्हणून आम्ही १ जानेवारी आणि १ जुलै धरले, पाडव्याला काकू हौसेने बघतात ते निराळं.

आणखी एक सोय आहे जी फार कमी घरांत लावलेली दिसते. `myaccount.google.com/inactive` वर खातं किती काळ वापरलं नाही तर कुणाला कळवायचं हे आधीच ठरवून ठेवता येतं. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने यांतून मुदत निवडायची, दहा जणांपर्यंत नावं देता येतात, आणि कुणाला कोणता मजकूर द्यायचा तेही. आम्ही अठरा महिने ठेवले आणि पुतण्याचं नाव दिलं. अठरा महिन्यांनी त्याला निरोप गेला तरी गूगलची दोन वर्षं भरायला सहा महिने उरलेले असतात. शेवटच्या पायरीवर मुदतीनंतर खातं पुसून टाकायचं का, असं विचारतात. तो पर्याय बंदच ठेवा. घाईत होकार देऊन बसाल तर वाचवायला निघालेलं खातं आपल्याच हुकमाने जाईल.

सूचनेच्या नावाखाली खोट्या मेलही फिरतात. '२४ तासांत खातं बंद होणार, इथे टिचकी मारा' असा मजकूर असेल तर त्यातल्या दुव्याला हात लावू नका. मेल खरी असो की खोटी, उपाय एकच आहे: ब्राउझर उघडा, पत्ता स्वतः टाइप करा, त्या खात्यात जा आणि वर सांगितलेली तिन्ही दारं उघडा. मेल खरी असली तर तेवढ्याने खातं पुन्हा वापरात धरलं जातं, खोटी असली तर तुमचं काही गेलेलं नसतं. निष्क्रियतेच्या सूचनेसाठी ओटीपी कुणालाही सांगायची गरज नसते, पैसे भरायची तर नाहीच.

खातं गेलेलंच असेल तर? नुकतंच गेलं असेल तर `accounts.google.com/signin/recovery` वर लगेच प्रयत्न करा, शक्यतो त्याच जुन्या यंत्रावरून. काही वेळा ते मजकुरासकट परत येतं. जितका उशीर कराल तितकी ती आशा कमी होते. परत आलं नाही तर त्याच नावाचं जीमेल पुन्हा उघडता येत नाही, तेव्हा तोच पत्ता घेऊन पाहण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी ज्यांना ज्यांना अल्बम पाठवला होता त्या सगळ्यांना फोन लावा. कुणीतरी दोन-चार फोटो स्वतःच्या खात्यात जतन केलेले असतात, कुणाच्या फोनच्या गॅलरीत व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत असते, आणि ज्याने स्कॅन केलं त्याच्या जुन्या लॅपटॉपच्या `Downloads` मध्ये मूळ फायली अजून पडलेल्या असू शकतात. स्कॅनिंग दुकानातून करून घेतलं असेल तर तिथेही विचारा, कधी कधी फायली त्यांच्या संगणकावर राहून गेलेल्या असतात. आणि मूळ पत्रं-फोटो अजून घरात असतील तर नव्याने स्कॅन करताना पहिली प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, मोफत खात्यावर दुसरी.